बावीस ओव्यांचा सारांश आणि ग्रंथकाराचे शब्द

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ग्रंथकार एके ठिकाणी स्वतःच्याच शब्दाविषयी बोलतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातील पंचावन्नाव्या श्लोकावरचे हे निरूपण आहे. प्रचलित प्रतींत ते ११३० व्या ओवीपासून सुरू होते. ओव्यांचे आकडे प्रतीप्रतींत थोडे मागेपुढे होतात, म्हणून वाचकाने आकड्यापेक्षा श्लोकाची खूण धरावी. तेथे एका अवस्थेची तीन नावे येतात. ज्ञानी तिला स्वसंवित्ती म्हणतात, शैव शक्ती म्हणतात, आणि आम्ही मात्र परमभक्ती म्हणतो, असे त्या ओवीचे सांगणे आहे. दुसरे लोक या वस्तूला काय म्हणतात हे ग्रंथकाराला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनही तो आपला शब्द निवडतो. अशा ठिकाणचा सारांश करणाऱ्याने शब्द बदलले, तर तो ग्रंथकाराने केलेली निवडच पुसून टाकतो.

प्रस्तुत लेखात मला एवढ्या एकाच जागेचा विचार करायचा आहे. ११३० ते ११५१ या बावीस ओव्यांचा प्रामाणिक सारांश कसा करावा, तो कोठे बिघडतो आणि बिघडला हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न आहे. संतवाङ्मयाची ‘सुलभ’ रूपे आज पुष्कळ निघतात, आणि बहुसंख्य वाचकांचा मूळ ग्रंथाशी संबंध त्यांच्यामार्फतच येतो. त्यामुळे सारांशात जे हरवते ते त्या वाचकांपुरते ग्रंथातूनच हरवते.

१. एक नमुना

असे सारांश गेली अनेक वर्षे मी वाचत आलो आहे. त्यांतल्या कोणा एकावर बोट ठेवण्यापेक्षा त्यांची सर्वसाधारण रीत दाखवणारा एक नमुना मीच रचून पुढे ठेवतो. तो असा:

‘या भागात ज्ञानेश्वर सांगतात, की भक्ती आणि ज्ञान हे ईश्वराकडे जाण्याचे दोन मार्ग असून शेवटी ते एकच आहेत. निरनिराळे पंथ ज्याला आत्मसाक्षात्कार, वैश्विक ऊर्जा किंवा निस्सीम प्रेम म्हणतात, ते एकच अंतिम सत्य होय. कर्मयोगी साधक या सत्यापर्यंत पोचला, की त्याचा अहंकार गळून पडतो आणि तो परमानंदाचा अनुभव घेतो. गंगा जशी सागराला मिळून नाहीशी होते, तसे त्याचे अस्तित्व परमात्म्यात विलीन होते.’

वाचायला हे गोड आहे आणि कोणाला त्यात खटकण्यासारखेही काही नाही. शंका घ्यायला हवी ती नेमकी येथेच. मूळ बावीस ओव्यांत एक वाद आहे, त्या वादात एक प्रतिपक्षी आहे, आणि त्याला दिलेले उत्तर बऱ्यापैकी तिखट आहे. नमुन्यात प्रतिपक्षी नाही, वादही नाही. मूळ ओव्या वाचताना वाचक एका जागी अडतो आणि पुन्हा मागे जाऊन वाचतो. नमुना वाचताना तो कोठेच अडत नाही. हा नमुना कोणत्याही संताच्या कोणत्याही उताऱ्याखाली छापला, तरी चालून जाईल. सारांश बिघडल्याची माझी पहिली खूण हीच आहे.

आता एकेक शब्द पाहू.

२. क्रमयोगी की कर्मयोगी

यातली एक चूक माझ्या स्वतःच्या वहीत आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. या ओव्यांचा पहिला सारांश मी लिहिला, तेव्हा त्यात ‘कर्मयोगी’ असा शब्द लिहिला होता. मूळात ‘क्रमयोगी’ आहे. डोळा ओळखीचा शब्द वाचतो. गीता म्हटली की कर्मयोग ओठांवर असतोच, आणि ‘क्र’चा ‘कर्’ होण्यास एका क्षणाची गफलत पुरते.

चूक लक्षात आली ती प्रत पुन्हा पाहून नव्हे, तर माझाच सारांश मला पटेना म्हणून. शेवटाकडे ग्रंथकार सांगतो, की हा भक्त क्रियेवाचून भजतो, तेथे क्रिया खपतच नाही. मग ज्याचे नावच कर्मावरून पडले, त्याच्याविषयी हे बोलणे कसे जुळावे? ओढूनताणून जुळवता आले असते; निष्काम कर्म वगैरे शब्द हाताशी होतेच. पण अशी ओढाताण करावी लागते, तेव्हा आधी मूळ पाहावे. पाहिले, आणि गाठ सुटली.

क्रमयोग हा अठराव्या अध्यायाच्या या भागात ज्ञानेश्वरांनी वापरलेला खास शब्द आहे. गीतेच्या या श्लोकांत एक क्रम आहे. आपल्या कर्माने ईश्वराची पूजा करायची, त्यातून पात्रता येते. पुढे नैष्कर्म्याची सिद्धी, मग ब्रह्मभूत होणे, आणि त्यानंतर परा भक्ती. या पायऱ्या चढून आलेला तो क्रमयोगी. आता बावीस ओव्यांतला विरोध किती नेमका आहे ते दिसते. क्रमाने आलेला माणूस जेथे पोचतो, तेथे साध्य आणि साधन दोन्ही मागे राहिलेली असतात. चढून आल्यावर पायऱ्या उरत नाहीत. ‘कर्मयोगी’ लिहिले तर हा विरोध नाहीसा होऊन एक निरर्थक विसंगती तयार होते. ‘साधक’ लिहिले तर तीही होत नाही, सगळेच सपाट होते. साधन ओलांडलेल्या माणसाला साधक म्हणणे हेही चमत्कारिकच आहे.

३. भोग आणि अनुभव

दुसरा शब्द ‘भोग’. हा भक्त मी होऊन मला भोगतो, हे या ओव्यांतले मध्यवर्ती विधान आहे. भोगणे, भोग, भोगणारा या धातूची रूपे येथे पुनःपुन्हा येतात. आजच्या मराठीत मात्र या शब्दाची तीन माणसे तीन वाटांनी गेली आहेत. देवळात भोग म्हणजे नैवेद्य. घरात ‘नशिबाचे भोग’ म्हणजे दुःख. आणि भोगवाद म्हटला की इंद्रियसुखाची हाव. सारांशकर्ता या तिन्हींना बिचकतो आणि ‘अनुभव’ हा सोवळा शब्द घालतो.

यात काय बिघडते ते ओव्यांच्या शेवटाशी कळते. तेथे ग्रंथकार स्वतः ‘अनुभव’ हा शब्द वापरतो, आणि तो वेगळ्या कामासाठी. ही गोष्ट अनुभवाजोगी आहे, बोलण्यासारखी नाही, असे तो म्हणतो. म्हणजे त्याच्याजवळ दोन्ही शब्द होते. भक्त ईश्वराशी जे करतो त्याला तो भोग म्हणतो. ते कळण्याची रीत कोणती, हे सांगताना अनुभव म्हणतो. सारांशात दोन्ही ठिकाणी ‘अनुभव’ आला, तर शेवटच्या वाक्याला अर्थच राहत नाही. अनुभव हा अनुभवाजोगा आहे, असे काहीतरी होऊन बसते.

यावरून मी एक साधा नियम केला आहे. ग्रंथकाराने एकाच उताऱ्यात दोन शब्द निराळे ठेवले असतील, तर सारांशात त्यांचा एक शब्द करू नये. तसेच त्याने एकच शब्द पाच वेळा वापरला असेल, तर आपण शैलीच्या मोहाने त्याचे पाच प्रतिशब्द करू नयेत. शाळेत निबंध लिहिताना पुनरुक्ती टाळायला शिकवतात. शास्त्रीय किंवा पारमार्थिक उताऱ्याच्या सारांशात ती सवय घातक ठरते. वाचकाला वाटते, की आता दुसऱ्या वस्तूविषयी बोलणे सुरू झाले.

‘अनुभव’ घालण्यात आणखी एक तोटा आहे. अनुभव म्हटला, की घेणारा एक आणि ज्याचा घ्यायचा तो दुसरा, अशी मांडणी आजच्या वाचकाच्या मनात आपोआप होते. ग्रंथकाराचा सगळा खटाटोप ती मांडणी मोडण्याचा आहे. भोग या शब्दातही भोगणारा आणि भोग्य हे दोघे आहेत, हे खरे. पण म्हणूनच तो शब्द तेथे आहे. दोघांचा वाटणारा शब्द घ्यायचा आणि दुसरा नसताना तो कसा खरा ठरतो, हे दाखवायचे, अशी ही रचना आहे. आधीच निरुपद्रवी शब्द घातला, तर दाखवायला काही राहत नाही.

४. गंगा नाहीशी होत नाही

नमुन्यातले शेवटचे वाक्य सर्वांत निष्पाप दिसते. गंगा सागराला मिळते हा दृष्टांत इतका सरावाचा झाला आहे, की सारांशकर्ता पुरती ओवी वाचतच नाही. गंगा, सिंधू हे दोन शब्द दिसले की हात ‘विलीन’ लिहून मोकळा होतो.

ओवीत मात्र क्रियापद ‘तळपणे’ आहे. गंगा सिंधूच्या अंगाशी एक झाली आहे, आणि एक होऊन सिंधूवरच तळपते आहे. हा दृष्टांत मिळाल्यानंतरच्या शोभेचा आहे, भोगाची प्रत सांगण्यासाठी दिलेला. त्याच्या पुढचे दृष्टांतही याच दिशेने जातात. उटलेल्या आरशाला दुसरा आरसा दाखवावा, तसे हे आहे. दिवाळीच्या उटण्यातला तोच धातू येथे घासूनपुसून लख्ख करणे या अर्थाने आहे. पुढे तो तो आरसाही काढून घेतो. आरसा नेला, मुखाचे भानही गेले, तरी पाहणेपण एकटेच उरते आणि त्याचाच आस्वाद असतो.

म्हणजे दृष्टांत ओळीने मांडलेले अलंकार नाहीत, त्यांत वाढ आहे. गंगेत अजून दोन नावे आहेत. दोन आरशांत एकच रूप आहे, पण जागा दोन आहेत. आरसा काढल्यावर एकच उरले, आणि तरी आस्वाद राहिला. सारांशात दृष्टांत कमी करावेच लागतात, कारण या बावीस ओव्यांत ते डझनाहून अधिक आहेत. पण कमी करताना ‘सर्वांत ओळखीचा कोणता’ हे न पाहता ‘कोणता दृष्टांत कोणते काम करतो’ हे पाहावे आणि प्रत्येक कामाचा एक ठेवावा. क्रियापदाला तर मुळीच हात लावू नये. गंगा तळपते की नाहीशी होते, यावर ग्रंथकार परमभक्ती म्हणतो आहे की निव्वळ लय, हे ठरते.

५. गाळलेला प्रतिपक्षी

दृष्टांतांनंतर ओव्यांत एक पक्ष उभा राहतो. तेच झाल्यावर त्याचा भोग कसला, असे म्हणणारा तो पक्ष आहे. आक्षेप बिनतोड वाटतो: साखर झालो तर गोडी कोण चाखणार, असा आपल्याकडे विचारला जातो तोच प्रश्न. बहुतेक सारांश तो गाळतात. तो ‘नकारात्मक’ वाटतो, किंवा भक्तिपर ग्रंथात वाद शोभत नाही, असे वाटते.

ज्ञानेश्वर मात्र त्याची चांगलीच खोड मोडतात. असे बोलणाऱ्यांच्या गावी दिवे सूर्याला उजेड पाडतात की काय, आकाश टेकायला त्यांनी मांडव घातला आहे की काय, अशी विचारणा होते. थट्टेनंतर मुद्दा येतो. राजेपण अंगी नसेल तर राजेपण भोगता येईल काय? अंधार सूर्याला मिठी मारू शकेल काय? जे आकाश नव्हे, त्याला आकाश जाणवेल काय?

उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे. आक्षेपक म्हणतो, ‘झाल्यावर’ भोग अशक्य. उत्तर येते, ‘झाल्यावाचून’ भोग अशक्य. जो मी झाला नाही त्याला मी आहेच कोठे, मग तो मला भजेल हे बोलायचे तरी कशाला? वेगळा राहून केलेली भक्ती हीच खरी भक्ती, हे सरसकट समजले जाणारे मत येथे उलटे केले आहे. वेगळ्याला तर भजण्याची सोयच नाही.

नमुन्यातल्या ‘भक्ती आणि ज्ञान शेवटी एकच’ या वाक्याशी हे ताडून पाहावे. ते वाक्य दोन्ही पक्षांना खूष करते. ग्रंथकाराने एक पक्ष घेतला आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. अद्वैत मानून भक्ती सोडून देणारे एकीकडे, भक्तीसाठी वेगळेपण राखणारे दुसरीकडे. त्याला या दोघांनाही उत्तर द्यावे लागते. प्रतिपक्षी गाळला, की ग्रंथकार काय नाकारतो आहे हे कळत नाही, आणि ते कळल्यावाचून तो काय म्हणतो हेही अर्धेच कळते.

६. शक्ती, ऊर्जा आणि ‘आम्ही’

आता तीन नावांची ओवी. स्वसंवित्तीचे ‘आत्मसाक्षात्कार’ केल्याने एक अवस्था घटना होऊन बसते. साक्षात्कार एखाद्या दिवशी घडतो, त्याची तारीख सांगता येते. स्वसंवित्ती म्हणजे आपले आपल्याला असलेले भान. ते घडत नाही, असते. थोडे आधी, १११३ च्या आसपास, ग्रंथकाराने पाया घालून ठेवला आहे. आर्त, जिज्ञासू आणि अर्थार्थी यांच्या मानाने हिला चौथी भक्ती म्हणायचे. पण तसे पाहिले तर ती तिसरी नाही, चौथी नाही, पहिली नाही की शेवटची नाही. माझ्या सहजस्थितीलाच भक्ती हे नाव आहे, असे तो सांगतो. येथला ‘सहज’ आपल्या ‘सहज आलो होतो’ मधला नव्हे. सोबतच जन्मलेले, अंगचे, हा त्याचा अर्थ. स्थितीला दिलेले नाव घटनेला लावले, तर पाया आणि इमारत एकमेकांना सोडतात.

‘शक्ती’चे ‘वैश्विक ऊर्जा’ हा तर निव्वळ उसना माल. ऊर्जा मोजता येते, साठवता येते, एका वस्तूतून दुसरीत जाते. शैवांची शक्ती शिवापासून सुटी करता येत नाही, आणि या ओवीत तिचा उल्लेख येतो तो याच गुणासाठी. ज्याची ती आहे त्याच्याहून ती वेगळी नाही, आणि तरी तिच्याविषयी वेगळे बोलता येते. भक्तीविषयी ग्रंथकाराला हेच म्हणायचे आहे. ‘ऊर्जा’ म्हटल्यावर हा धागा तुटतो.

राहिला ‘आम्ही’. हा कोण? ओवी श्रीकृष्णाच्या मुखी आहे, कारण आधी सातव्या अध्यायात आपण काय बोललो याची तो आठवण देतो. पण कुरुक्षेत्रावर शैवांचे मत सांगून ‘आम्ही असे म्हणतो’ म्हणणारा आवाज ग्रंथकाराचाही वाटतो. त्यात गंमत अशी, की अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वर आपली गुरुपरंपरा आदिनाथापासून सांगतात. शिव ज्याचा आद्य गुरू, तो शैवांना ‘ते’ म्हणतो आणि आपल्याला ‘आम्ही’.

सारांशकर्त्याने येथे निकाल देऊ नये. ‘ज्ञानेश्वर म्हणतात’ असे लिहिले तर कृष्ण गेला. ‘कृष्ण म्हणतो, की भक्त म्हणतात’ असे लिहिले तर ‘आम्ही’ गेला. ‘आम्ही’ तसाच ठेवावा. या ‘आम्ही’चा अर्थ लावणे हे भाष्यकाराचे काम आहे, आणि त्याला ते करता यावे म्हणून सारांशात जागा मोकळी राहायला हवी. त्याच कारणासाठी ‘चिद्विलासवाद’, ‘स्फूर्तिवाद’ अशी अभ्यासकांनी दिलेली नावेही मी सारांशात आणत नाही. ती उपयोगी असतील. पण या बावीस ओव्यांत ती नाहीत, आणि वाचकाला ती ग्रंथकाराचीच वाटतील.

७. काय बदलावे

या सगळ्यावरून कोणी असे समजू नये, की जुना शब्द दिसला की तो जपून ठेवावा. तसे केले तर सारांश म्हणजे न कळणाऱ्या शब्दांची पुरचुंडी होते, आणि ती चूकही मी केलेली आहे. शब्द कळीचा आहे की नुसता जुना, हे पाहण्यासाठी मी त्याच्या जागी आजचा शब्द घालतो आणि पुढच्या ओव्यांपर्यंत तो टिकतो का ते बघतो. ‘लुंठणे’च्या जागी ‘लोळणे’ घातले तर काही अडत नाही. ‘देखणा’ तर बदलावाच, कारण आज त्याचा अर्थ सुंदर असा झाला आहे आणि ओवीत विषय पाहण्याचा आहे. ‘भोग’च्या जागी ‘अनुभव’ मात्र शेवटच्या ओवीत तुटतो. ‘क्रमयोगी’च्या जागी ‘कर्मयोगी’ ‘क्रिया’ या शब्दाशी अडकतो. जो शब्द बदलल्यावर पुढे कोठेतरी अडते, तो कळीचा.

कळीचा शब्द ठेवला पण वाचकाला कळला नाही, तर पहिल्याच वेळी त्याचा खुलासा करावा, एकदाच, आणि तो आपला आहे हे दिसू द्यावे. ‘वृत्ती आवृत्तीसह बुडते’ असे नुसते लिहिले, तर आजचा वाचक पुस्तकाची आवृत्ती समजेल. म्हणून तेथे ‘पुन्हा पुन्हा उठणे’ हा खुलासा लागतोच. शक्य तेथे खुलासा ग्रंथकाराच्याच दृष्टांतातून घ्यावा. भोग म्हणजे काय, याला गंगेचे तळपणे आणि तरुण अंगातले तारुण्य यांहून चांगली व्याख्या मला सुचलेली नाही.

आता या रीतीने केलेला सारांश पुढे ठेवतो. कंसातले शब्द माझे आहेत.

‘या ज्ञानभक्तीने भक्त सहज (अंगच्या स्थितीने) माझ्याशी एकवटला आणि केवळ मीच झाला, असे श्रीकृष्ण म्हणतो. ज्ञानी हा माझा आत्मा, हे सातव्या अध्यायातले बोलणे आणि भागवताच्या निमित्ताने ब्रह्मदेवाला केलेला उपदेश यांची तो आठवण देतो. या भक्तीला ज्ञानी स्वसंवित्ती (आपले आपल्याला असलेले भान) म्हणतात, शैव शक्ती म्हणतात. आम्ही तिला आपली परमभक्ती म्हणतो. मला मिळताना ती क्रमयोग्याला (पायरीपायरीने आलेल्याला) फळते आणि मग सगळे माझ्यानेच भरते. तेथे वैराग्य विवेकासह आणि बंध मोक्षासह आटतो, वृत्ती आवृत्तीसह (पुन्हा पुन्हा उठण्यासह) बुडते. साध्य आणि साधन यांपलीकडे तो मी होऊन मला भोगतो. सिंधूशी एक झालेली गंगा सिंधूवरच तळपते, त्या तोडीचा हा भोग. आरसा आणि मुखाचे भान दोन्ही गेल्यावर एकटे उरलेले पाहणे आस्वादावे, तसा. तेच झाल्यावर भोग घडत नाही, असे मानणाऱ्यांची तो थट्टा करतो आणि विचारतो, राजेपण अंगी नसता ते भोगता येईल काय? जो मी झाला नाही त्याला मी आहेच कोठे, मग तो भजेल हे कसे बोलावे? म्हणून क्रमयोगी मी होऊनच मला भोगतो, तरुण अंगात तारुण्य असते तसा. आणि अलंकार सोन्याला भजतो तसा क्रियेवाचून भजतो. क्रिया तेथे खपत नाही, तरीही अद्वैतात भक्ती आहे. हे अनुभवाजोगे आहे, बोलण्यासारखे नाही.’

हा सारांश नमुन्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, हा त्याचा दोष मान्य करतो. आकाशाचे, चंदनाचे, चंद्राचे दृष्टांत गेले आणि त्यांच्याबरोबर ओव्यांचा नादही गेला. ‘तरीही’ हा एक छोटा शब्द मात्र मी कोणत्याही काटछाटीत जाऊ देणार नाही. ‘क्रिया खपत नाही’ आणि ‘भक्ती आहे’ ही दोन विधाने ‘आणि’ने जोडली, की त्यांतला ताण जातो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठात लोकांनी घातलेली भर काढणे हे त्या कामातले एक अंग होते. सारांशकर्ता ओवी घालत नाही, हे खरे. पण ‘ऊर्जा’, ‘साधक’, ‘विलीन’ हे शब्द तो ग्रंथकाराच्या नावावर चढवतो, तेव्हा भर पडतेच. आणि ती काढायला पुढे कोणी प्रत शोधत बसणार नाही.

आमच्या वाचनमंडळात हे दोन्ही सारांश मी एका बैठकीत वाचून दाखवले. पहिल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, ‘अहो, पण तो देवच झाला म्हणता, मग भजतो तो कोण?’ बाविसांतल्या मधल्या ओव्यांत प्रतिपक्षी जे विचारतो, त्याच्या अगदी जवळचा हा प्रश्न होता. आम्ही पोथी उघडली आणि थेट त्या ओव्यांवर आलो.